सुतक नसलेलं दुःख

मराठी घरात माणूस गेला की पुढचे दहा-बारा दिवस काय करायचं, हे कोणाला विचारावं लागत नाही. त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या घरातून पिठलं-भात येतो आणि घरच्यांना तो बळेबळे खायला लावला जातो. दारात चपलांचा ढीग साचतो. येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "कसं झालं?" आणि घरचे तीच हकीगत विसाव्यांदा सांगतात: रात्री नीट जेवले, साडेदहाला छातीत जड वाटतंय म्हणाले, रिक्षा मिळेना, जिना उतरतानाच मान टाकली. हे सगळं पुन्हा पुन्हा सांगून माणूस थकत असेल असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात त्या सांगण्यातूनच घडलेली गोष्ट घडली आहे हे मनाला पटत जातं. शेवटी गोडाचं जेवण होतं, सुतक फिटतं आणि जगाला तोंड दाखवायला माणूस मोकळा होतो. या रिवाजांतल्या काही गोष्टींवर टीका करावी तेवढी थोडीच, पण दुःखाला चाकोरी घालून देण्याचं काम ते चोख करतात.

आता दुसरं घर डोळ्यांपुढे आणू. घर काल्पनिक आहे, पण आतल्या गोष्टी प्राण्यांच्या कुठल्याही डॉक्टरला ओळखीच्या वाटतील.

पुण्यातल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर पन्नाशीच्या बाई राहतात. बँकेत नोकरी, नवरा फिरतीवर, मुलगी शिकायला बंगळुरूला. घरात तेरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, नाव ब्रुनो. गेले आठ महिने त्याच्या किडन्या हळूहळू काम सोडत होत्या. रोज संध्याकाळी बँकेतून आल्यावर बाई पंख्याच्या हुकाला सलाईनची बाटली टांगायच्या, त्याच्या पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरायच्या आणि सुई कातडीखाली सरकवायच्या. दोन-तीनशे मिली पाणी आत जाईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर. मग खांद्याखाली पाण्याचा एक लोंबता फुगा तयार व्हायचा आणि रात्रभरात जिरून जायचा. चिकनचं सूप बोटाने चाटवायचं. रात्री दोनदा उठून खाली न्यायचं, नंतर नंतर वर्तमानपत्रावरच. एका गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "आता थांबूया."

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला बाईंना गजर न लावता जाग आली आणि हात दारामागच्या खुंटीकडे गेला. पट्टा तिथेच होता. बँकेत त्यांनी "घरी जरा अडचण होती" एवढंच सांगितलं. कोणीतरी कारण काढून घेतलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, मग आण की दुसरं पिल्लू! आमच्या भावाकडे झालीत." दिरांचा फोन आला: "सुटला बिचारा. आणि वहिनी, तुम्हीही सुटलात." दोघंही मनाने चांगली माणसं. बाई हसल्या, "हो ना" म्हणाल्या आणि वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून रडल्या.

नळ सोडला, तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

अशा दुःखाचा अभ्यास केनेथ डोका या अमेरिकन प्राध्यापकांनी केला आणि १९८९ मध्ये त्यावर पुस्तक संपादित केलं. ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही, ज्याचा उघडपणे शोक करता येत नाही आणि ज्यात आधाराला कोणी येत नाही, त्याला त्यांनी वेगळं नाव दिलं. मराठीत त्याला 'हक्क नाकारलेलं दुःख' म्हणता येईल. घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यू, गर्भपात, चोरून जपलेलं नातं तुटणं, अशा प्रसंगांच्या पंक्तीत पाळीव प्राण्याचा मृत्यूही बसतो. डोका यांचं म्हणणं सोपं आहे. कोणी कोणासाठी, किती दिवस आणि कशा प्रकारे दुःख करायचं याचे अलिखित नियम प्रत्येक समाजात असतात. नियमांच्या यादीत ज्याचं नातं नाही, त्याला दुःखाबरोबर एकटेपणही सोसावं लागतं. आपल्याकडे तर ही यादी दिवसांच्या हिशेबात बसवलेली आहे: सख्ख्याचं सुतक दहा दिवस, लांबच्याचं तीन. कुत्र्याचं शून्य.

पण हे दुःख मुळात तेवढं मोठं असतं का? इथे अमेरिकेतल्या टेक्सासमधली एक घटना पाहण्यासारखी आहे. एकसष्ट वर्षांच्या एका स्त्रीला छातीत तीव्र कळा आल्या म्हणून रुग्णालयात आणलं. लक्षणं हृदयविकाराच्या झटक्याची, पण तपासणीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. अडथळा कुठेच नव्हता. हृदयाचा डावा कप्पा मात्र खालच्या बाजूला फुगून निकामी झाल्यासारखा दिसत होता. या अवस्थेचं वर्णन प्रथम जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास केलं. तो आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून त्यांनी तिला 'ताकोत्सुबो' असं नाव दिलं. मोठा मानसिक धक्का बसला की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं उसळतात आणि काही काळ हृदयाचे स्नायू बधिर होतात, असं मानलं जातं. या स्त्रीच्या आयुष्यात इतर ताणही होते, पण जवळचं कारण होतं तिच्या यॉर्कशायर टेरियर जातीच्या लहानशा कुत्रीचा मृत्यू. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने २०१७ मध्ये ही केस छापली. स्त्री औषधांनी बरी झाली. कुत्र्यासाठी सगळ्यांचंच हृदय असं बिघडतं, असा याचा अर्थ नाही. हा प्रकार दुर्मीळ आहे. इतकंच दिसतं की शरीर नात्यांची यादी तपासत बसत नाही.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात चौदा पशुवैद्यकीय दवाखान्यांतल्या १७७ जणांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचा प्राणी नुकताच गेलेला होता. त्यांतल्या जवळपास ३० टक्के लोकांचं दुःख तीव्र म्हणावं असं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुःखाची तीव्रता कशाकशाशी जोडलेली आहे, हे संशोधकांनी तपासलं. प्राण्यावर किती जीव होता हे त्यात असणारच. त्याच्या जोडीला प्राण्याला इंजेक्शन देऊन मरण द्यावं लागलं का, डॉक्टर आणि दवाखान्यातली माणसं कशी वागली आणि आजूबाजूच्या समाजाची प्राण्याच्या मृत्यूकडे पाहायची नजर कशी होती, या गोष्टीही निघाल्या. म्हणजे "कुत्राच तर होता" हे वाक्य कानाला कडू लागतं आणि सोडून देता येतं, असं नाही. ते दुःखाचाच एक भाग होऊन बसतं.

ते नेमकं कसं, हे बाईंच्या घरात पुन्हा डोकावलं की कळतं.

पहिल्या आठवड्यात त्यांना रात्री फरशीवर नखांची टकटक ऐकू आली. स्वयंपाकघराकडून हॉलकडे, नेहमीच्या वाटेने. त्या दचकल्या आणि आपल्याला वेड लागतंय की काय असं त्यांना वाटलं. वेल्समधल्या ड्यूई रीस नावाच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांशी बोलून एक पाहणी प्रसिद्ध केली होती. जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार घरात असल्याचा भास झालेला होता. कोणाला नुसता वावर जाणवला, कोणाला आवाज ऐकू आला. यातल्या बहुतेकांनी हे कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं. तेरा वर्षं रोज ऐकलेला आवाज मेंदू एका दिवसात पुसून टाकत नाही, तो त्या वेळी त्या आवाजाची वाट पाहतच राहतो. प्राणी गेलेल्या घरांतही हे भास सर्रास होतात. नवरा गेलेल्या बाईने असं सांगितलं तर मावशी म्हणते, "होतं गं असं, माझ्याही बाबतीत झालं होतं." आणि भीती तिथेच विरते. ब्रुनोची टकटक बाई कोणाला सांगणार? भास साधा, पण न सांगितल्यामुळे तो भीतीदायक झाला.

दुसरी गोष्ट जास्त खोल जाते. आठ महिने बाईंचा दिवस ब्रुनोच्या घड्याळावर चालला होता. ओहायोमधल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या संशोधक मेरी बेथ स्पिट्झनागेल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की दीर्घ आजारी प्राण्याची शुश्रूषा करणाऱ्यांवर तसाच भार येतो, जसा आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांवर. ताण, उदासी, मिटत गेलेलं बाहेरचं जग. त्यामुळे प्राणी गेला की दुःखाबरोबर सुटकेची भावनाही येते आणि ती आली म्हणून माणूस स्वतःला अपराधी समजतो. दिरांचं "तुम्हीही सुटलात" बाईंना बोचलं ते याचसाठी. ते खोटं नव्हतं. खरं असूनही ते बोलायचा अधिकार दिरांचा नव्हता.

आणि तिसरी गोष्ट त्या गुरुवारची.

माणसाच्या मरणात आणि पाळीव प्राण्याच्या मरणात एक मोठा फरक आहे आणि बाहेरच्यांना तो सहसा दिसत नाही. बऱ्याच वेळा प्राण्याच्या मरणाची वेळ घरच्यांनी ठरवलेली असते. संमतीच्या कागदावर सही त्यांची असते. पद्धत अशी: आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, पाच-दहा मिनिटांत प्राणी गाढ झोपतो. मग पुढच्या पायाच्या शिरेत नळी बसवून भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस सोडतात. काही सेकंदांत शुद्ध पूर्ण जाते, मग श्वास थांबतो आणि थोड्याच वेळात हृदय. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात. यात वेदना होतात त्या फार तर सुई टोचण्याच्या.

यानंतर जे होतं ते आधी सांगितलं नाही तर घोटाळा होतो. प्राण्याचे डोळे उघडेच राहतात, कारण मेल्यावर पापण्या आपोआप मिटत नाहीत. हृदय थांबल्यावरही एखादा खोल आचका येऊ शकतो, पाय थरथरतो, लघवी सुटते. ही स्नायूंची उरलीसुरली हालचाल असते, प्राणी तेव्हा काहीही अनुभवत नसतो. पण ज्याला हे माहीत नाही तो माणूस आचका पाहून ठरवतो की तो जागा झाला, त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याला जगायचं होतं. बाईंनी हेच ठरवलं. घाईच्या दवाखान्यात त्यांना कोणी आधी दोन वाक्यं सांगितली नाहीत आणि नंतर विचारायला त्या कोणाकडे गेल्या नाहीत. रात्री दोन वाजता त्या हिशेब मांडायच्या: आणखी चार दिवस थांबायला हवं होतं. पहाटे पाचला उलटा हिशेब: महिनाभर आधीच सोडवायला हवं होतं, आपल्या हट्टापायी त्याचे हाल झाले. या दोन हिशेबांच्या मध्ये 'बरोबर वेळ' नावाची जागाच उरत नाही.

अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये यासाठी एक साधा तक्ता तयार केला होता. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर प्राण्याचं जगणं सुसह्य चाललं आहे असं समजायचं. हे गणित काटेकोर विज्ञान नाही, गुण देणाराही घरचाच. तरी शेवटच्या आठवड्यांत दर दोन दिवसांनी वहीत हे आकडे मांडून ठेवले तर नंतर त्यांचा फार उपयोग होतो. महिन्याभराने मन जेव्हा सांगू लागतं की तो तर बरा होता, तेव्हा आपल्याच अक्षरात लिहिलेले १८, १६, १३ हे आकडे समोर असतात. मन चांगल्या आठवणी वर काढतं आणि वाईट झाकतं. वही तसं करत नाही.

अपराधी भावनेवर मोठा उतारा म्हणजे ती बोलून दाखवणं आणि कोणीतरी ती नीट ऐकून घेणं. "कुत्राच तर होता" म्हणणारा माणूस नेमकी हीच वाट बंद करतो. त्याला वाटतं आपण ओझं हलकं केलं. पण ज्या गोष्टीसाठी रडणंच हास्यास्पद, तिच्याबद्दल अपराधी वाटतंय हे सांगणं तर आणखी हास्यास्पद. मग माणूस स्वतःच स्वतःचा टीकाकार होतो. बाहेरचे लोक ते वाक्य एकदा म्हणतात, आतला माणूस दिवसातून पन्नास वेळा म्हणतो: आई गेली तेव्हा इतकी रडले नव्हते, मग आत्ताच काय झालंय मला? हा प्रश्न प्राण्यांचे डॉक्टर फार वेळा ऐकतात. त्याचं उत्तर क्रूर नाही. आई गावाकडे होती, वर्षातून चारदा भेटायची. ब्रुनो दिवसातले अठरा तास पायांत होता. जीव कोणावर जास्त, हा मुद्दाच नाही. कोणाच्या जाण्याने दिवसाच्या जास्त जागा रिकाम्या होतात, हा आहे.

दुःखाबद्दल सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ च्या निबंधात म्हटलं होतं की शोक हा आजार नव्हे. गेलेल्याशी जोडलेली एकेक आठवण वर येते, तिथे वास्तव मान्य करावं लागतं आणि असं तुकड्या-तुकड्याने मन सुटं होत जातं. पुढे म्हातारपणी त्यांच्याकडे योफी नावाची चाऊ जातीची कुत्री होती. ती रुग्णांच्या बैठकीतही खोलीत बसायची आणि वेळ संपली की उठून उभी राहायची म्हणे. १९३७ च्या जानेवारीत ती गेली. फ्रॉइड यांनी लेखक आर्नोल्ड झ्वाइग यांना पत्रात लिहिलं की सात वर्षांच्या जवळिकीतून सहज बाहेर पडता येत नाही. तोवर त्यांनी तरुण मुलगी गमावली होती, स्वतःला जबड्याचा कर्करोग होता, नाझी दाराशी आले होते. एवढं सगळं असताना कुत्रीसाठी दुःख करावं का, हा प्रश्न त्यांना पडला असेल-नसेल, पण पत्र लिहायला समोर माणूस होता.

पूर्वी आपल्याकडे हे दुःख अगदीच परकं होतं असंही नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्याने भुंकून वाघाची चाहूल दिली आणि महाराज वाचले, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगितलं जातं. राजाचं दुःख, त्याला हसणार कोण, असं कोणी म्हणेल. पण साध्या शेतकऱ्याचा बैल गेला तर आजही गाव त्याच्या दारात बसतं. बैलाचा दहावा-तेरावा घातल्याच्या बातम्या मराठवाड्यातून, विदर्भातून अधूनमधून येतात आणि वाचणाऱ्याला त्यात विक्षिप्त काही वाटत नाही. बैल कष्टाचा, त्याचं ऋण सगळ्यांना कळतं. फ्लॅटमधला कुत्रा किंवा मांजर काय काम करतं, ते फक्त त्या घराला ठाऊक असतं. संध्याकाळी सात वाजता कुलूप उघडताना आतून आवाज येणं हेही काम आहे, फक्त त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही.

शहरांत आता निदान निरोपाची सोय हळूहळू होते आहे. मुंबईत मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनाची सोय सुरू केली. त्याआधी कित्येकांना मेलेला प्राणी चादरीत गुंडाळून जागा शोधत हिंडावं लागे किंवा कचऱ्याच्या गाडीच्या हवाली करावं लागे. ब्रिटनमध्ये 'ब्लू क्रॉस' ही संस्था १९९४ पासून प्राणी गेलेल्यांसाठी फोनवर बोलण्याची सेवा चालवते. तिथे फोन उचलणारा माणूस सल्ला फारसा देत नाही, बहुतेक वेळ ऐकतो.

घरात लहान मूल असेल तर गफलत वेगळीच होते. "त्याला शेतावर सोडलं" असं सांगितलं की मूल वर्षभर शेतावर जायचा हट्ट धरतं आणि सत्य कळल्यावर सांगणाऱ्यावरचा विश्वास जातो. "डॉक्टरांनी झोपवलं" हे त्याहून वाईट. पुढच्या खेपेला टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी डॉक्टर प्रेमाने म्हणतात, "आता आपण झोपायचं," तेव्हा मूल किंचाळतं आणि का ते कोणालाच कळत नाही. तो मेला, त्याचं शरीर बंद पडलं, तो परत येणार नाही, हे शब्द चार वर्षांच्या मुलालाही पेलतात.

दुःख किती दिवस चालावं याला माप नाही, तरी धोक्याची खूण ओळखता येते. सहसा लाटांमधलं अंतर वाढत जातं. आधी तासातासाला येणारं रडू मग दोन दिवसांनी येतं, मग फक्त पावसाच्या वासाने. अंतर वाढतच नसेल, महिने उलटूनही माणूस कामावर जात नसेल, जेवत नसेल, जगणं नको म्हणत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. एक विसंगती इथेही आहे. लांबलेल्या शोकाला आजार म्हणून मान्यता देणारी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची २०२२ ची व्याख्या 'व्यक्तीच्या' मृत्यूपुरतीच आहे. म्हणजे दवाखान्याच्या कागदावरही ब्रुनोचा रकाना नाही. चांगला डॉक्टर त्यासाठी अडून बसत नाही, एवढंच.

तीन आठवड्यांनी बाईंना कपाटात सलाईनच्या चार न उघडलेल्या बाटल्या सापडल्या. फेकवेनात. शनिवारी सुट्टी होती, त्या पिशवी घेऊन दवाखान्यात गेल्या. दुसऱ्या कोणाच्या तरी प्राण्याला होतील, एवढंच सांगून परतायचं ठरवलं होतं. काउंटरवरच्या कंपाउंडरने बाटल्या मोजून घेतल्या, तारखा पाहिल्या आणि मान वर केली.

"मॅडम, मी त्या दिवशी गावी गेलो होतो. कसं झालं?"

बाई बाकावर बसल्या. शेजारी एक पॉमेरेनियन मालकाच्या मांडीवर थरथरत होतं. "बुधवारी रात्रीपासून त्याने पाणी सोडलं," त्यांनी सुरुवात केली. कंपाउंडरने पुढच्या नंबरला आत पाठवलं आणि स्टूल ओढून घेतलं.